साठ टक्क्यांचे सत्तावीस टक्के: नवे शेअर आणि संस्थापकाचा घटता हिस्सा

कंपनीतील मालकी टक्क्यांत सांगण्याची रीत सर्वत्र रूढ असली, तरी कंपनीच्या सभासद-नोंदवहीत मूळ नोंद होते ती शेअरच्या संख्येची. एखाद्याच्या नावावरील शेअरना कंपनीच्या एकूण शेअरनी भागले की त्याची टक्केवारी मिळते. या भागाकारातील अंश, म्हणजे त्या व्यक्तीचे शेअर, तेवढेच राहिले आणि छेद, म्हणजे एकूण शेअर, वाढले तर टक्केवारी घटते, मग त्या व्यक्तीने एकही शेअर विकलेला नसो. भांडवल उभारण्यासाठी, कर्मचाऱ्यांना देण्यासाठी किंवा अन्य कारणाने कंपनीने नवे शेअर काढल्यामुळे जुन्या भागधारकांची टक्केवारी अशी उतरते, तिला स्टार्टअपच्या व्यवहारात ‘डायल्यूशन’ म्हणतात. हिशेब म्हणून ही गोष्ट शाळकरी गणितापलीकडची नाही. परंतु घटलेल्या टक्केवारीबरोबर संस्थापकाचे नेमके काय घटते, काय तसेच राहते आणि काय कधीकधी वाढतेही, हे वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि ते एकमेकांत मिसळले की पहिल्या फेरीत केलेल्या चुका चौथ्या फेरीत महाग पडतात.

विक्री आणि नवी निर्मिती

गुंतवणूकदार कंपनीत दोन मार्गांनी येऊ शकतो. तो जुन्या भागधारकाकडून त्याचे शेअर विकत घेऊ शकतो; तेव्हा पैसे त्या भागधारकाच्या खिशात जातात, कंपनीच्या तिजोरीत एक रुपयाही येत नाही, एकूण शेअरसंख्या बदलत नाही आणि विकणाऱ्याखेरीज कोणाचाही हिस्सा हलत नाही. दुसऱ्या मार्गात कंपनी स्वतः नवे शेअर निर्माण करून गुंतवणूकदाराला देते. पैसे कंपनीला मिळतात आणि छेद वाढल्यामुळे सर्व जुन्या भागधारकांची टक्केवारी एकाच प्रमाणात खाली येते. झोमॅटोच्या जुलै २०२१ मधील सार्वजनिक भागविक्रीत हे दोन्ही मार्ग शेजारीशेजारी दिसले. एकूण ९,३७५ कोटी रुपयांपैकी ९,००० कोटी नव्या शेअरपोटी कंपनीकडे आले, तर उरलेले ३७५ कोटी इन्फो एज या जुन्या गुंतवणूकदार कंपनीने आपल्याकडील शेअर विकल्याबद्दल तिला मिळाले. पहिल्या भागाने सर्व जुन्या भागधारकांचे डायल्यूशन झाले, दुसऱ्या भागाने कोणाचेही झाले नाही.

खासगी कंपनीला नवे शेअर मनास येईल तसे काढता येत नाहीत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६२ नुसार नवे शेअर आधी जुन्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ करावेत, हा मूळ नियम आहे. प्रत्येकाने आपल्या वाट्याचे घेतले तर कोणाचीच टक्केवारी घटत नाही. बाहेरच्या गुंतवणूकदाराला शेअर द्यायचे तर भागधारकांचा विशेष ठराव, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट अनुकूल मतांनी झालेला ठराव, आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा किमतीविषयीचा अहवाल लागतो. कलम ४२ प्रमाणे पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअरवाटप करावे लागते आणि वाटपानंतर १५ दिवसांत त्याचे विवरणपत्र कंपनी निबंधकाकडे भरेपर्यंत ते पैसे वापरता येत नाहीत. म्हणजे पहिल्या फेरीत तरी डायल्यूशन संस्थापकाच्या नकळत होत नाही, त्याच्या मतानेच होते. पुढे त्याचे मत पुरेसे राहते की नाही, हा खरा मुद्दा आहे.

पहिली फेरी आणि राखीव शेअरचा प्रश्न

समजुतीसाठी एक काल्पनिक कंपनी घ्यावी. तिचे एकूण ७०,००० शेअर असून त्यांपैकी ४२,००० मुख्य संस्थापकाकडे आणि २८,००० सहसंस्थापकाकडे आहेत. म्हणजे मालकी ६० आणि ४० टक्के अशी वाटलेली आहे. सीड फेरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या टप्प्यात एक गुंतवणूकदार २ कोटी रुपये घालण्यास तयार होतो आणि पैसे येण्यापूर्वीच्या कंपनीची किंमत ८ कोटी धरतो. या किमतीला ‘प्री-मनी मूल्यांकन’ म्हणतात. त्यात नवे पैसे मिळवले की होणाऱ्या १० कोटींना ‘पोस्ट-मनी मूल्यांकन’ म्हणतात. गुंतवणूकदाराचा हिस्सा पोस्ट-मनीवर मोजला जातो, म्हणून तो १० पैकी २ कोटी, अर्थात २० टक्के होतो. ८ पैकी २ म्हणजे २५ टक्के हा हिशेब चुकीचा ठरतो.

व्यवहार एवढाच असता, तर कंपनीने १७,५०० नवे शेअर काढले असते, एकूण शेअर ८७,५०० झाले असते आणि संस्थापकाचा हिस्सा ६० वरून ४८ टक्क्यांवर आला असता. परंतु प्रत्यक्षातील प्रस्तावपत्रात बहुधा आणखी एक अट असते: कर्मचाऱ्यांना पुढे द्यायच्या शेअरसाठी राखीव साठा, ज्याला ‘ईसॉप पूल’ म्हणतात, तो आधीच निर्माण करावा आणि तो पोस्ट-मनीच्या, समजा, १० टक्के असावा. कर्मचाऱ्याला ठरावीक वर्षे काम केल्यानंतर ठरलेल्या किमतीत शेअर घेण्याचा हक्क या योजनेतून मिळतो, आणि नव्या कंपनीला मोठे पगार परवडत नसल्याने असा साठा लागतोच. प्रश्न साठ्याचा नसून त्याचा भार कोणावर पडतो हा असतो.

अटीनुसार फेरीनंतर गुंतवणूकदाराकडे २० टक्के आणि साठ्यात १० टक्के असले पाहिजेत. उरलेल्या ७० टक्क्यांत दोन्ही संस्थापकांचे ७०,००० शेअर बसतात. म्हणून एकूण शेअर १,००,००० होतात: गुंतवणूकदाराचे २०,०००, साठ्याचे १०,००० आणि संस्थापकांचे ७०,०००. दोन कोटींना २०,००० शेअर, म्हणजे एका शेअरची किंमत १,००० रुपये पडते. साठा नसता तर हीच किंमत १,१४३ रुपयांच्या आसपास आली असती. मुख्य संस्थापकाचा हिस्सा ४८ ऐवजी ४२ टक्के होतो. बोलणीत ८ कोटींचे मूल्यांकन ठरले असले तरी संस्थापकांच्या ७०,००० शेअरना मिळालेली किंमत ७ कोटीच असते. उरलेले १ कोटी हे अजून कोणालाच न दिलेल्या शेअरचे मोल असते.

साठा प्री-मनीत धरल्यामुळे त्याचा सगळा भार जुन्या भागधारकांवर पडला आणि गुंतवणूकदाराचे २० टक्के शाबूत राहिले. तो पोस्ट-मनीत, म्हणजे गुंतवणूक झाल्यानंतर निर्माण केला असता, तर गुंतवणूकदाराचा हिस्साही २० वरून १८ टक्के झाला असता आणि मुख्य संस्थापकाकडे ४३.२ टक्के उरले असते. शिवाय साठ्यातील न वाटलेले शेअर कंपनी विकली जाताना सहसा रद्द होतात आणि त्यांचा लाभ सर्व भागधारकांना प्रमाणशीर मिळतो. म्हणजे साठ्याचा खर्च एकट्या संस्थापकांनी सोसायचा आणि उरलेल्याचा फायदा गुंतवणूकदारानेही घ्यायचा, अशी ही रचना आहे. म्हणून जाणकार संस्थापक पुढील दीड वर्षात कोणती पदे भरायची आणि प्रत्येकाला किती शेअर द्यायचे याची यादी करून साठ्याचा आकार त्या यादीवरून ठरवतात. साठा १० ऐवजी ६ टक्क्यांत भागत असेल, तर मूल्यांकनावर घासाघीस करण्यापेक्षा त्या यादीने अधिक पदरात पडू शकते.

टक्के बेरजेने नव्हे, गुणाकाराने घटतात

पुढील दोन फेऱ्या सरळ चढत्या किमतीच्या धरल्या आहेत. सीरीज ए फेरीत ३२ कोटी प्री-मनीवर ८ कोटी येतात. एका शेअरची किंमत ३,२०० रुपये आणि नवे शेअर २५,०००. सीरीज बी फेरीत १०० कोटी प्री-मनीवर २५ कोटी येतात. किंमत ८,००० रुपये आणि नवे शेअर ३१,२५०. या काळात साठा वाढवला नाही असे मानल्यास चित्र पुढीलप्रमाणे दिसते.

| टप्पा | एकूण शेअर | संस्थापकाचे शेअर | हिस्सा | एका शेअरची किंमत | हिश्श्याचे मोल |
|---|---|---|---|---|---|
| स्थापना | ७०,००० | ४२,००० | ६०% | – | – |
| सीड | १,००,००० | ४२,००० | ४२% | ₹१,००० | ₹४.२ कोटी |
| सीरीज ए | १,२५,००० | ४२,००० | ३३.६% | ₹३,२०० | ₹१३.४४ कोटी |
| सीरीज बी | १,५६,२५० | ४२,००० | २६.८८% | ₹८,००० | ₹३३.६ कोटी |

अशा तक्त्याला ‘कॅप टेबल’ म्हणतात आणि प्रत्येक फेरीच्या बोलणीत दोन्ही बाजूंच्या पुढ्यात तो असतो. त्याचा तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्यात काहीच बदलत नाही. चौथ्या रकान्यातील घट मात्र गुणाकाराने होते. पहिल्या फेरीने जुन्या भागधारकांकडे ७० टक्के ठेवले, पुढच्या दोन फेऱ्यांनी प्रत्येकी ८० टक्के. म्हणून संस्थापकाचे ६० टक्के अनुक्रमे ०.७, ०.८ आणि पुन्हा ०.८ ने गुणले जाऊन २६.८८ होतात. तीस, वीस आणि वीस मिळून सत्तर टक्के गेले असे बेरजेने मांडणारा जुन्या भागधारकांकडे केवळ ३० टक्के उरले असे समजतो. प्रत्यक्षात त्यांच्याकडे ४४.८ टक्के असतात. याच नियमाने पहिला गुंतवणूकदारही सुटत नाही: सीड फेरीतील त्याचे २० टक्के सीरीज बीनंतर १२.८ झालेले असतात. हे टाळण्यासाठी गुंतवणूकदार करारात पुढील प्रत्येक फेरीत आपल्या प्रमाणात पैसे घालून हिस्सा टिकवण्याचा हक्क मागतात, ज्याला ‘प्रो-राटा हक्क’ म्हणतात. असा हक्क कायद्याने जुना भागधारक म्हणून संस्थापकालाही मिळू शकला असता. मात्र सीरीज बीमध्ये ३३.६ टक्के टिकवण्यासाठी त्याला २५ कोटींपैकी ८ कोटी ४० लाख रुपये स्वतः घालावे लागले असते. एवढे पैसे त्याच्याजवळ नसतात, म्हणून डायल्यूशन अखेरीस त्याच्याच वाट्याला येते.

हिस्सा घटला म्हणजे संपत्ती घटली का?

सीरीज बीच्या क्षणी संस्थापकाचे नुकसान झाले का, याचे उत्तर एका ताळ्यावर मिळते. फेरीपूर्वी १०० कोटींच्या कंपनीत त्याचे ३३.६ टक्के होते, म्हणजे ३३.६ कोटी, फेरीनंतर १२५ कोटींच्या कंपनीत २६.८८ टक्के आहेत, म्हणजे तेच ३३.६ कोटी. नवा शेअर त्याच्या खऱ्या मोलाला दिला गेला असेल, तर टक्केवारी घटते पण मोल जागच्या जागी राहते, कारण गुंतवणूकदाराने घेतलेल्या वाट्याइतके पैसे त्याने कंपनीत आणलेले असतात. पुढे मोल वाढते की नाही हे त्या पैशांचे कंपनी काय करते यावर ठरते. तो डायल्यूशनचा हिशेब नाही, व्यवसायाचा आहे.

परंतु नवा शेअर मोलापेक्षा स्वस्तात दिला गेला, तर चित्र पालटते. त्याच १०० कोटींच्या कंपनीने २५ कोटींसाठी ८,००० ऐवजी ४,००० रुपये भावाने ६२,५०० शेअर दिले, असे समजावे. एकूण शेअर १,८७,५०० होतात आणि संस्थापकाचा हिस्सा २२.४ टक्के. पैसे आल्यानंतर कंपनी १२५ कोटींची आहे, म्हणून त्याच्या हिश्श्याचे मोल २८ कोटी भरते. ३३.६ कोटींतून ५ कोटी ६० लाख रुपये काहीही न विकता नव्या भागधारकाकडे सरकले. टक्केवारीचे डायल्यूशन आणि मोलाचे डायल्यूशन यांत असा फरक आहे: पहिले प्रत्येक नव्या शेअरबरोबर होते, दुसरे केवळ स्वस्त शेअरबरोबर. बाहेरच्यांना शेअर देताना कायदा मूल्यांककाचा अहवाल का मागतो, याचे कारणही यातच आहे.

शेअर स्वस्त काढण्यापेक्षाही ते कोणाच्या हेतूने काढले, हा प्रश्न न्यायालयांपुढे अनेकदा आला आहे. नीडल इंडस्ट्रीज प्रकरणात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की, कंपनीच्या हितासाठी प्रामाणिकपणे काढलेल्या शेअरमुळे संचालकांचा आनुषंगिक फायदा झाला, एवढ्यावरून ते वाटप अवैध ठरत नाही. याउलट डेल अँड कॅरिंग्टन प्रकरणात २००४ साली, व्यवस्थापकीय संचालकाने स्वतःच्या नावे नवे शेअर घेऊन बहुसंख्य भागधारकाला अल्पसंख्य केले होते. तेथे कंपनीची गरज नसून ताबा मिळवणे हाच हेतू असल्याचे ठरवून न्यायालयाने ते वाटप रद्दबातल केले. नव्या शेअरने टक्केवारी घटणे हा स्वतःच अन्याय नाही. ती घटवण्यासाठीच शेअर काढणे हा अन्याय आहे.

मताचे उंबरठे

पैशाचे मोल टक्केवारीबरोबर सावकाश सरकते, पण मताचे बळ उंबरठ्यांवर एकदम बदलते. मतदानात निम्म्याहून अधिक मते असणारा साधा ठराव, उदाहरणार्थ संचालकाची नेमणूक, स्वबळावर मंजूर करू शकतो. पाव हिश्श्याहून अधिक मते असणारा विशेष ठराव रोखू शकतो. आपल्या कंपनीत दोन्ही संस्थापकांची एकत्रित मालकी १०० वरून ७०, ५६ आणि शेवटी ४४.८ टक्के झाली. म्हणजे सीड फेरीतील सर्वांत मोठी घसरण त्यांच्या ताब्याच्या दृष्टीने तितकी निर्णायक नव्हती. या टक्केवारीने पाहता तिने विशेष ठराव स्वबळावर करण्याची त्यांची ताकद नेली, पण बहुमत गेले ते तिसऱ्या फेरीत. मुख्य संस्थापक एकटा अजून विशेष ठराव रोखू शकतो, परंतु आणखी एक २० टक्क्यांची फेरी झाली की तो २१.५ टक्क्यांवर येऊन तीही ताकद गमावेल.

येथे एक बारकावा पाहावा लागतो. वरील टक्केवारी साठ्यातील १०,००० शेअर धरून काढली आहे. अशा मोजणीला ‘फुली डायल्यूटेड’ म्हणतात, म्हणजे सर्व संभाव्य शेअर निघाले आहेत असे समजून केलेला हिशेब. न वाटलेल्या साठ्याला मात्र मत नसते. तो वगळला तर प्रत्यक्ष शेअर १,४६,२५० राहतात, मुख्य संस्थापकाचा वाटा २८.७ आणि दोघांचा मिळून ४७.९ टक्के होतो. पैशाचा विचार करताना पहिली मोजणी आणि उद्याच्या सभेतील मतांचा विचार करताना दुसरी मोजणी वापरावी लागते. दोन माणसे एकाच कंपनीबद्दल दोन वेगळे आकडे सांगत असतील, तर त्यांनी बहुधा वेगवेगळे छेद घेतलेले असतात.

शिवाय ताबा केवळ मतांत नसतो. गुंतवणूकदार बहुधा साधे शेअर न घेता सक्तीने रूपांतरित होणारे प्राधान्य शेअर, ज्यांना व्यवहारात ‘सीसीपीएस’ म्हणतात, घेतो. त्यांबरोबर संचालक मंडळावर एक जागा आणि काही विषयांत आपल्या संमतीविना निर्णय होणार नाही अशी कराराची कलमे येतात. नवी फेरी, वार्षिक अंदाजपत्रक, कंपनीची विक्री हे विषय त्यांत असतात. त्यामुळे ७० टक्के मते असलेल्या संस्थापकालाही सीड फेरीनंतर काही बाबतींत एकट्याने पाऊल टाकता येत नाही, आणि उलट २७ टक्के असलेला संस्थापक मंडळावरील जागांच्या जोरावर दैनंदिन कारभार आपल्या हाती ठेवू शकतो.

किंमत उतरते तेव्हा

आतापर्यंत प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा चढ्या भावाने झाली. आता चौथी फेरी उतरत्या भावाने, म्हणजे ‘डाउन राउंड’ म्हणून, झाली असे मानावे: कंपनीला पुन्हा २५ कोटी हवेत, पण गुंतवणूकदार एका शेअरला ४,००० रुपयेच देतो. नवे शेअर ६२,५०० निघतात, एकूण २,१८,७५० होतात आणि संस्थापकाचा हिस्सा १९.२ टक्क्यांवर येतो. हिशेब येथेच थांबत नाही, कारण सीरीज बीच्या गुंतवणूकदाराने ८,००० रुपयांना घेतलेले शेअर आता ४,००० ला मिळत आहेत आणि त्याच्या करारात ‘अँटी-डायल्यूशन’ संरक्षण असते. त्याचे प्राधान्य शेअर साध्या शेअरमध्ये बदलताना धरायची किंमत खाली आणून त्याला अधिक शेअर देणे, असे या संरक्षणाचे स्वरूप आहे.

ते दोन प्रकारचे असते. ‘फुल रॅचेट’मध्ये रूपांतराची किंमत थेट नव्या किमतीइतकी, म्हणजे ४,००० होते; २५ कोटींना ३१,२५० ऐवजी ६२,५०० शेअर मिळतात आणि संस्थापकाचा हिस्सा १६.८ टक्के उरतो. ‘वेटेड अ‍ॅव्हरेज’ म्हणजे भारित सरासरीच्या पद्धतीत स्वस्त शेअर किती निघाले हेही पाहिले जाते. फेरीपूर्वीचे १,५६,२५० शेअर आणि नव्या पैशांत जुन्या भावाने मिळाले असते ते ३१,२५० शेअर यांच्या बेरजेला, फेरीपूर्वीचे शेअर आणि प्रत्यक्ष निघालेले ६२,५०० शेअर यांच्या बेरजेने भागायचे आणि त्या प्रमाणात जुनी किंमत कमी करायची. हे प्रमाण सात-अष्टमांशाच्या किंचित खाली, सुमारे ०.८५७ येते, रूपांतराची किंमत ६,८५७ रुपये होते, गुंतवणूकदाराला सुमारे ५,२०० शेअर जास्त मिळतात आणि संस्थापकाचा हिस्सा १८.७५ टक्क्यांच्या जवळ थांबतो. सीड आणि सीरीज ए यांची खरेदी ४,००० पेक्षा कमी भावाने झाली असल्याने त्यांचे संरक्षण येथे लागूच होत नाही.

कराराच्या मसुद्यातील एका ओळीवर संस्थापकाचे जवळपास दोन टक्के अवलंबून होते, आणि ती ओळ कंपनी जोरात असताना, सीरीज बीच्या वेळी लिहिली गेली होती. फुल रॅचेटचा दोष असा की, कंपनीने स्वस्तात अगदी थोडे शेअर काढले तरी जुन्या गुंतवणूकदाराची सगळी खरेदी त्या भावाला येते. म्हणून भारित सरासरी हीच पद्धत अधिक रूढ आहे, आणि प्रस्तावपत्रात ‘रॅचेट’ शब्द दिसला तर बोलणी तेथे थांबवून त्याचे आकडे मांडून पाहणे शहाणपणाचे ठरते.

टक्केवारी आणि हाती येणारी रक्कम

कंपनी विकली गेल्यावर पैसे टक्केवारीप्रमाणेच वाटले जातील, हीदेखील खात्री नसते. प्राधान्य शेअरधारकाला आपले मूळ पैसे आधी परत घेण्याचा किंवा साधा भागधारक होऊन टक्केवारीने वाटा घेण्याचा पर्याय असतो. याला ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’ म्हणतात. सीरीज बीनंतर, डाउन राउंड न होताच, ही कंपनी ५० कोटींना विकली गेली असे धरावे. सीरीज बीच्या गुंतवणूकदाराला २० टक्क्यांप्रमाणे १० कोटी मिळतील, म्हणून तो आपले मूळ २५ कोटी घेईल. उरलेल्या २५ कोटींत सीरीज एवाल्याला वाट्याने ५ कोटी पडतात, म्हणून तो मूळ ८ कोटी घेईल. राहिले १७ कोटी. सीडच्या गुंतवणूकदाराला मात्र वाटा घेणेच परवडते. साठ्यातील सर्व शेअर कर्मचाऱ्यांना मिळालेले असतील, तर या १७ कोटींत मुख्य संस्थापकाचा वाटा ४२ टक्के, म्हणजे ७ कोटी १४ लाख होतो. कॅप टेबलवरील २६.८८ टक्क्यांनी ५० कोटींत १३ कोटी ४४ लाखांची आशा दाखवली होती.

चढत्या किमतीच्या कंपनीत मात्र हा प्रश्न उरत नाही, कारण सगळे गुंतवणूकदार वाटा घेणेच पसंत करतात. झोमॅटोच्या सार्वजनिक विक्रीच्या वेळी संस्थापक दीपिंदर गोयल यांचा हिस्सा साडेपाच टक्क्यांच्या आसपास होता. २०१० पासून पैसे घालत आलेल्या इन्फो एजचाही वाटा १९ टक्क्यांच्या आत आला होता. कंपनीने आपल्याला ओळखता येईल असा प्रवर्तक नाही, असे माहितीपत्रकात नमूद केले होते. तरीही ७६ रुपयांच्या विक्री-भावाने त्या साडेपाच टक्क्यांचे मोल अडीच हजार कोटींहून अधिक होते, आणि इतकी कमी टक्केवारी असूनही तेव्हा कंपनीचे नेतृत्व गोयल यांच्याकडेच राहिले.

म्हणून फेरीच्या कागदांवर सही करण्यापूर्वी संस्थापकाने टक्केवारीचा एकच आकडा न पाहता तीन उत्तरे वेगवेगळी मांडली पाहिजेत: आपल्या ४२,००० शेअरना या भावाने आजच्या मोलाइतके तरी मिळते का, या फेरीनंतर किंवा पुढच्या फेरीनंतर मताचा कोणता उंबरठा ओलांडला जाईल, आणि कंपनी ठरल्यापेक्षा कमी किमतीला विकली गेली किंवा पुढची फेरी उतरत्या भावाने झाली, तर किती उरेल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कॅप टेबलात मिळते, दुसऱ्याचे कॅप टेबल आणि भागधारक करार एकत्र वाचून, आणि तिसऱ्याचे केवळ करारात. म्हणूनच मूल्यांकनाचा मोठा आकडा मान्य करून करारातील अटी सोडून देणारा संस्थापक बऱ्याचदा कमी मूल्यांकन पण साध्या अटी घेणाऱ्यापेक्षा अधिक गमावतो.